आयोडीन-131चा ऱ्हास-आलेख: कागदावर काढायचा कसा, अर्धायुकाल मारायचा कुठे आणि उरलेलं मोजायचं कसं

ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी आलेखाचा कागद पुढे ठेवला आणि आयोडीन-131चा ऱ्हास काढायला सांगितला. बारावीला हा आलेख मी वहीत काढला होता, परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते. पण समोर खरी बाटली आणि तिच्यावर खरं लेबल आल्यावर पहिल्या दोन चुका मी तिथेच केल्या. विभागात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना त्या टाळता याव्यात म्हणून ही सगळी रीत एकाच उदाहरणावर सांगते.

आयोडीन-131 घेण्याचं कारण सोपं आहे. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे उरलेलं अर्धं व्हायला लागणारा काळ, आपण रोज ज्याला हाफ-लाइफ म्हणतो तो, 8.02 दिवसांचा आहे. कागदावर 8 धरला तरी चालतं आणि दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर करता येतो. थायरॉइडच्या उपचारात ते रोज लागतं. वाशीला बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीचं, म्हणजे ब्रिटचं, संकुल आहे. रुग्णालयांना हे आयोडीन ब्रिटकडून पुरवलं जातं, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईकरांना तर हे घराजवळचंच उदाहरण आहे.

काय काय लागेल

- साधा सेंटिमीटर-मिलिमीटरचा आलेख कागद, आडवा धरून
- चार सायकलचा सेमी-लॉग कागद (तीन सायकलचा का पुरत नाही ते पुढे येईल)
- टोकदार पेन्सिल, 30 सेंटिमीटरची पट्टी, खोडरबर
- वर्गमूळ आणि घात काढता येईल असा कॅल्क्युलेटर. फोनमधला आडवा केला की बहुतेक वेळा ही बटणं दिसतात
- बाटलीच्या लेबलावरचे तीन आकडे: सेकंदाला किती अणू फुटतायत ते सांगणारी अ‍ॅक्टिव्हिटी, तारीख, वेळ

साधा कागद गोखले रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. सेमी-लॉग मागताना मात्र किती सायकलचा हवा ते सांगून घ्या, नाहीतर समोर येईल तो घेऊन घरी याल.

1. आधी लेबल वाचा, शून्य दिवस ठरवा

समजा लेबलावर लिहिलंय: 80 मिलिक्युरी, 1 जून, दुपारी 12. मिलिक्युरी हे अ‍ॅक्टिव्हिटीचं एकक. म्हणजे 1 जूनच्या दुपारी बारा वाजता या बाटलीत 80 मिलिक्युरी असेल. हा झाला आपला शून्य दिवस. बाटली तुमच्या हातात कधी आली, याच्याशी शून्य दिवसाचा काही संबंध नाही.

मी नेमकी इथेच फसले. बाटली 30 मेच्या दुपारी आली होती आणि लेबलावर तारीख दोन दिवस पुढची होती. अशी पुढची तारीख देण्याची पद्धतच आहे, म्हणजे वापराच्या दिवशी हिशेब सोपा जातो. मी मात्र 30 मेलाच 80 धरलं आणि 4 जूनसाठी पाच दिवसांचा ऱ्हास काढला. उत्तर आलं 51.9. अ‍ॅक्टिव्हिटी मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटर यंत्रात बाटली ठेवली तर आकडा 62च्या आसपास. मला वाटलं यंत्रच बिघडलं. सर म्हणाले, "यंत्र नंतर बघू, आधी लेबल परत वाच." खरा ऱ्हास तीनच दिवसांचा होता. 30 मेला बाटलीत 80 नव्हे, 95 मिलिक्युरी होतं.

तेव्हा लक्षात ठेवा, लेबलाच्या तारखेआधीच्या दिवसांत अ‍ॅक्टिव्हिटी जास्त असते. आलेखावर ते दिवस शून्याच्या डावीकडे येतात.

दुसरी गडबड दिवस मोजण्यात होते. 1 जून ते 4 जून हे तीन दिवस झाले, चार नव्हे. बोटांवर मोजताना आपण पहिली तारीखही धरतो. वेळही सोडू नका. दुपारी बाराऐवजी संध्याकाळी सहाला डोस द्यायचा असेल तर पाव दिवस वाढला, म्हणजे दोन टक्के कमी.

2. अक्ष आणि प्रमाण

आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर मिलिक्युरी. कागद आडवा धरून आडव्या अक्षावर 1 सेंटिमीटरला 2 दिवस घ्या. मग एक अर्धायुकाल बरोबर 4 सेंटिमीटरला येतो आणि पाच अर्धायुकाल, म्हणजे 40 दिवस, 20 सेंटिमीटरमध्ये बसतात. उभ्या अक्षावर 1 सेंटिमीटरला 5 मिलिक्युरी घेतलं की 80 हे 16 सेंटिमीटरवर येतं.

प्रमाण निवडताना बरेच जण आडव्या अक्षावर 10-10 दिवसांचे भाग पाडतात, कारण दहाचे आकडे सरळ वाटतात. मग 8, 16, 24 हे बिंदू बहुतेक वेळा ठळक रेघांवर न येता बारीक रेघांवर पडतात आणि प्रत्येक वेळी बारीक रेघा मोजत टिंब द्यावं लागतं. अर्धायुकाल ठळक रेघेवर येईल असंच प्रमाण घ्या.

उभ्या अक्षाला नाव देताना नुसतं "आयोडीन" लिहू नका. बाटलीतलं द्रव काही कमी होत नाही. आयोडीन-131चा अणू बीटा कण टाकून झेनॉन-131 होतो आणि ते झेनॉन स्थिर असतं. चाळीस दिवसांनी बाटली पाहिली तर डोळ्यांना तेवढीच भरलेली दिसेल. कमी होतात ते अजून न फुटलेले आयोडीन-131चे अणू, आणि त्याच प्रमाणात अ‍ॅक्टिव्हिटी. म्हणून अक्षावर "अ‍ॅक्टिव्हिटी (मिलिक्युरी)" असं लिहा.

3. अर्धायुकालाच्या खुणा

आता आठ-आठ दिवसांनी अर्धं करत जा.

| दिवस | तारीख | मिलिक्युरी |
|---|---|---|
| 0 | 1 जून | 80 |
| 8 | 9 जून | 40 |
| 16 | 17 जून | 20 |
| 24 | 25 जून | 10 |
| 32 | 3 जुलै | 5 |
| 40 | 11 जुलै | 2.5 |

अर्धायुकाल आलेखावर दाखवायचा तो असा: उभ्या अक्षावर 40 पासून पट्टीने आडवी तुटक रेघ न्या, ती 8 दिवसांच्या बिंदूला भेटली की तिथून खाली आडव्या अक्षापर्यंत उभी तुटक रेघ सोडा. खाली जिथे टेकली तिथे "अर्धायुकाल, 8 दिवस" लिहा. मग 20 पासून तसंच 16 दिवसांपर्यंत, 10 पासून 24 दिवसांपर्यंत. या तुटक रेघांचा जिना दिसायला लागला की एक गोष्ट आपोआप कळते: पायऱ्यांची उंची अर्धी-अर्धी होत जाते, रुंदी मात्र तीच राहते. 80 वरून 40 व्हायला आठ दिवस लागले, 10 वरून 5 व्हायलाही आठच.

परीक्षेत एक चूक फार दिसते. आठ दिवसांत अर्धं गेलं, म्हणजे सोळा दिवसांत सगळं संपलं, असं धरून 16 दिवसांवर शून्य मारतात. दुसऱ्या आठ दिवसांत मूळच्या 80चं अर्धं जात नाही, उरलेल्या 40चं अर्धं जातं.

4. बिंदू जोडताना

इथे पट्टी बाजूला ठेवा. 80 ते 40 पट्टीने जोडलं की आलेख दिसायला बरा दिसतो, पण त्यावरून वाचलेला प्रत्येक आकडा जास्त येतो. वक्र हाताने काढायचा आणि तो नीट यावा म्हणून मधले एक-दोन बिंदू आणखी काढून घ्यायचे.

मधला बिंदू काढायची युक्ती मला सरांनी दाखवली, ती अजून वापरते. दोन खुणांच्या बरोबर मधल्या वेळी किती असेल ते काढायला दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचं. 0 आणि 8 दिवसांच्या मध्ये, म्हणजे चौथ्या दिवशी: 80 गुणिले 40 म्हणजे 3200, त्याचं वर्गमूळ 56.6. साधी सरासरी काढली असती तर 60 आलं असतं. तसंच बाराव्या दिवशी 40 गुणिले 20, म्हणजे 800चं वर्गमूळ, 28.3. हवं असेल तर 80 आणि 56.6 वरून दुसऱ्या दिवसाचा बिंदूही असाच निघतो, 67.3.

हे बिंदू मारले की हात आपोआप वळतो. वक्र सुरुवातीला कसा उतरतो ते तपासायलाही एक पक्की खूण आहे. शून्य दिवसाच्या बिंदूपाशी पट्टी अशी धरा की ती वक्राला नुसती टेकेल, आणि ती रेघ सरळ खाली आडव्या अक्षापर्यंत न्या. ती साधारण साडेअकरा दिवसांवर पडली पाहिजे (8 भागिले 0.693). 16 च्या जवळ पडली तर तुमचा वक्र सुरुवातीला पट्टीने ओढल्यासारखा सरळ झालाय. 9 च्या जवळ पडली तर तो फार तीव्र घसरलाय.

5. आलेखावरून वाचायचं

4 जूनला दुपारी बारा वाजता किती? आडव्या अक्षावर 3 दिवस, म्हणजे दीड सेंटिमीटर. तिथून वर वक्रापर्यंत, वक्रापासून डावीकडे. नीट काढलेल्या आलेखावर 61 ते 62च्या मध्ये वाचता येईल. हिशेबाने 61.7 येतं. पट्टीने जोडलेल्या रेघेवर तेच 65 दिसतं. सव्वातीन मिलिक्युरींचा फरक, पाच टक्क्यांहून जास्त. वहीत हे दिसत नाही, डोसमध्ये दिसतं.

हिशेबाने पडताळायचं असेल तर संगणकावरच्या तक्त्यात एवढंच सूत्र टाका, `A2` मध्ये दिवस:

```
=80*0.5^(A2/8.02)
```

आलेखाचं वाचन आणि हे उत्तर यात एखाद्या मिलिक्युरीपेक्षा जास्त फरक आला तर सूत्राला दोष देऊ नका, वक्र पुन्हा पाहा.

आयोडीनच्या बाबतीत तास-दोन तासांची घाई नसते, हेही या आलेखावरूनच कळतं. वाशीहून निघालेली गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याला तासभर अडकली, तर 80 मधले जेमतेम 0.3 मिलिक्युरी जातात. पण त्याच गाडीत पेट स्कॅनचं फ्लोरीन-18 असतं, ज्याचा अर्धायुकाल 110 मिनिटांचा आहे, तर त्या एका तासात 31 टक्क्यांहून थोडं जास्तच गेलं असतं. आलेखाचा आकार दोघांचा हुबेहूब सारखा, फक्त खालच्या अक्षावर दिवसांच्या जागी मिनिटं. म्हणून आडव्या अक्षाचं एकक लिहायला विसरलात तर तो आलेख कुणाच्याच कामाचा नाही.

6. पाचाच्या पुढचे अर्धायुकाल: इथे कागद बदला

साध्या कागदावर 40 दिवसांचा बिंदू अक्षापासून 5 मिलिमीटर वर आहे. 48 दिवसांचा अडीच मिलिमीटर. 80 दिवसांचा, म्हणजे दहा अर्धायुकालांनंतरचा, फक्त 0.16 मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते! म्हणजे वक्र अक्षाला चिकटला असं डोळ्यांना दिसतं आणि आपण "शून्य" लिहून मोकळे होतो. वक्र अक्षाला कधीच टेकत नाही, कागदाची ताकद संपते इतकंच.

म्हणून सेमी-लॉग कागद घ्यायचा. त्यावर उभ्या अक्षाचे घर दहापटीने चढतात: 0.01, 0.1, 1, 10, 100. प्रत्येक दहापट म्हणजे एक सायकल. आडवा अक्ष नेहमीसारखा. या कागदावर ऱ्हासाची सरळ रेघ होते. शून्य दिवसाला 80 आणि 24 दिवसांना 10 असे दोन बिंदू मारा आणि आता खुशाल पट्टी वापरा. 32 दिवसांना रेघ 5 वरून जाते का पाहा. जात असेल तर पुढे वाढवा.

तीन सायकलचा कागद 0.1 ते 100 एवढाच असतो. आपली रेघ त्यावर साधारण 77व्या दिवशी तळाला टेकते आणि नेमके शेवटचे तीन दिवस हातचे जातात. माझ्याकडे तीन सायकलचाच होता, मी खाली दुसरा कागद चिकटवून काम भागवलं होतं. चार सायकलचा घेतला तर 80व्या दिवशी, म्हणजे 20 ऑगस्टला, रेघ 0.08 च्या किंचित खाली दिसेल. हिशेबाने 80 भागिले 1024, म्हणजे 0.078 मिलिक्युरी. 1024 कुठून आलं? दोनाला दहा वेळा गुणलं की येतं तेवढं. तोंडी अंदाजासाठी दहा अर्धायुकाल म्हणजे हजारावा भाग, असं धरायला हरकत नाही.

8.02 ऐवजी 8 धरल्याने 80 दिवसांनी फक्त पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो, त्याची चिंता नको. पण याच रेघेवर कुणी वर्षभराचा अंदाज काढायला लागला तर हा छोटा फरक वाढत जाऊन आठ टक्क्यांवर पोचतो. लांबचा अंदाज 8.02 ने काढा.

7. यंत्राने मोजलेले आकडे मारताना

काही जणांना आकडे आयते मिळत नाहीत, काउंटरने मोजून मग आलेख काढायचा असतो. तिथे पहिल्यांदा कुणीही गोंधळतं, कारण आठ दिवसांनी आकडा अर्धा होतच नाही.

कारण बहुतेक वेळा पार्श्वभूमी असते. नमुना दूर ठेवला तरी काउंटर भिंतींमुळे, जमिनीमुळे, आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे काहीतरी दाखवतच असतो. समजा तो मिनिटाला 40 दाखवतो. नमुना समोर ठेवल्यावर 440. आठ दिवसांनी 240. अर्धं म्हणजे 220 यायला हवं होतं, म्हणून अर्धायुकाल नऊ दिवसांच्या वर निघतो. पण दोन्हींतून 40 वजा करा: 400 आणि 200. बरोबर अर्धं.

24 दिवसांनी यंत्र 90 दाखवेल, त्यातले आपले 50. पुढे आकडे 40 पाशी येऊन थांबल्यासारखे होतात. सेमी-लॉग कागदावर ही चूक लगेच पकडता येते: सरळ उतरणारी रेघ शेपटीकडे उताणी पडायला लागते. रेघ वाकली की आधी पार्श्वभूमी वजा केली का ते पाहा. केली असूनही वाकत असेल तर नमुन्यात जास्त अर्धायुकालाचं दुसरं काहीतरी मिसळलेलं असू शकतं, आणि ते वरिष्ठांना दाखवायलाच हवं.

पार्श्वभूमी मोजताना एक मिनिटात आटपू नका, दहा मिनिटं मोजून सरासरी घ्या. ऱ्हास हा अणूंच्या योगायोगाचा खेळ आहे. 40 काउंट एका मिनिटात कधी 34 येतात, कधी 46, आणि तो काही यंत्राचा दोष नसतो.

8. हा आलेख बाटलीचा आहे, माणसाचा नाही

औषध घेतलेल्या रुग्णाच्या शरीरातलं आयोडीन दोन वाटांनी कमी होतं: ते फुटतं आणि लघवीतून बाहेरही पडतं. त्यामुळे शरीरातला अर्धायुकाल नेहमी आठ दिवसांपेक्षा कमी भरतो. नुसतं बाहेर पडण्याने 24 दिवसांत अर्धं होत असेल, तर दोन्ही मिळून 8 गुणिले 24, भागिले 32, म्हणजे सहा दिवसांत अर्धं होईल. रुग्ण घरी कधी जाणार, असं नातेवाईक विचारतात तेव्हा खिशातला हा कागद काढून तारीख सांगू नका. ते डॉक्टर आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर प्रत्यक्ष मोजून ठरवतात.

9. "दहा अर्धायुकाल झाले, आता टाकून द्या?"

आयोडीन लागलेला कापूस, हातमोजे, सिरिंज यांच्या पिशव्या शिशाच्या आडोशात ठेवतात, पिशवीवर तारीख असते आणि दहा अर्धायुकाल हा शब्द विभागात सगळ्यांच्या तोंडी असतो. तो ऐकून मी दुसरी चूक केली. 80 दिवस झाले की पिशवी रिकामी झाली, असं मी एका नव्या मुलाला सांगून टाकलं. मॅडमनी ते ऐकलं आणि दोघांना आलेखापुढे बसवलं.

दोन पिशव्या घ्या. एकीत फक्त 0.08 मिलिक्युरी लागलेला कापूस, दुसरीत न वापरलेली 80 मिलिक्युरीची बाटली. दोन्हींना 80 दिवस झाले, दोन्ही हजाराव्या भागावर आल्या. एक मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला 3 कोटी 70 लाख अणू फुटणं. त्या हिशेबाने पहिल्या पिशवीत सेकंदाला सुमारे 2,900 अणू फुटतायत, दुसरीत सुमारे 29 लाख. सेमी-लॉग कागदावर या दोन समांतर रेघा आहेत, उतार सारखाच, आणि दोघींमधलं अंतर पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच शेवटच्या दिवशीही आहे. दुसऱ्या पिशवीला पहिलीच्या आजच्या पातळीवर यायला आणखी दहा अर्धायुकाल लागतील, म्हणजे 8 नोव्हेंबर उजाडेल.

म्हणून पिशवीवर नुसती तारीख लिहू नका, सुरुवातीची अ‍ॅक्टिव्हिटीही लिहा. पिशवी कधी सोडायची याची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, नियमांप्रमाणे सेफ्टी ऑफिसर सांगतात. ती मर्यादा सेमी-लॉग कागदावर आडवी रेघ म्हणून ओढा, तुमची उतरती रेघ तिला जिथे छेदते तिथून खाली तारीख वाचा. त्या तारखेला सर्व्हे मीटर पिशवीला लावा. मीटर पार्श्वभूमीइतकंच दाखवत असेल तर नोंदवहीत आकडा लिहून सेफ्टी ऑफिसरची सही घ्या. जास्त दाखवत असेल तर पिशवी परत शिशामागे ठेवा आणि लेबलावरची तारीख कुणी चुकीची वाचली होती का, ते पायरी एकपासून तपासा.